यंत्रबिघाड दावा: इंजेक्शन मोल्डिंग मशीनच्या स्क्रू-बॅरलबाबत निर्णय

दिनांक: १४ जुलै २०२५

प्रति,
श्री. जाधव, मालक,
प्लास्टिक मोल्डिंग युनिट, वाळूज औद्योगिक वसाहत, छत्रपती संभाजीनगर

विषय: ९ जून २०२५ रोजी बंद पडलेल्या मशीनचा दावा, रक्कम ₹४,६२,०००

स. न. वि. वि.

आपला दावा आम्हाला मंजूर करता येत नाही. ऐन ऑर्डरच्या दिवसांत मशीन बसली आणि खर्च अंगावर आला, हे माहीत असल्यामुळे नुसता नकार न कळवता त्यामागची कारणे सविस्तर लिहीत आहे.

पॉलिसी मशीनच्या अचानक आणि अनपेक्षित मोडतोडीला संरक्षण देते. अपवाद क्रमांक ४ प्रमाणे, नेहमीच्या वापरामुळे एखादा भाग झिजला किंवा हळूहळू खराब झाला, तर त्या भागाचा खर्च त्यात बसत नाही. ९ जूनला मशीन अचानक थांबली, याबद्दल आमचा काहीच वाद नाही. प्रश्न आहे तो ती कशामुळे थांबली एवढाच.

१२ जूनला सर्वेक्षकांनी आपल्या फिटरसमोर स्क्रू बाहेर काढून मापे घेतली. नवा असताना स्क्रूचा व्यास ५९.८५ मि.मी. होता, आता पुढच्या भागात तो ५९.१० भरला. बॅरलचे भोक ६०.०० वरून ६०.४६ झाले आहे. म्हणजे दोघांमधली फट ०.१५ वरून १.३६ मि.मी.वर गेली. एवढ्या फटीतून वितळलेला माल मागे सरकतो, पुढे दाब बनत नाही आणि शॉट अपुरा पडतो. आपण ३० टक्के काचतंतू असलेला नायलॉन चालवता. हा माल स्क्रूच्या आट्यांना सतत घासतो. तो चालवण्यात गैर काही नाही, पण त्याने स्क्रू-बॅरल लवकर झिजतात.

आपण दिलेल्या उत्पादन नोंदवहीतही हेच दिसते. जानेवारीत सायकल ३८ सेकंदांची होती, मे अखेरीस ५१. अर्धवट भरलेल्या पीसचे रिजेक्शनही दर महिन्याला वाढत गेले. ही वही आपण स्वतःहून आणि पूर्ण दिलीत, याची नोंद आम्ही घेतली आहे. तिचा उल्लेख आपल्याला दोष देण्यासाठी नाही. तेलबदल आणि हीटरची देखभाल वेळेवर झाल्याचे सर्वेक्षकांनी अहवालात लिहिले आहे, आणि निष्काळजीपणा हे या नकाराचे कारण नाही.

दाण्यात लोखंडाचा तुकडा आला असावा, असे आपण २० जूनच्या पत्रात म्हटले होते. तो मुद्दा महत्त्वाचा होता, कारण बाहेरची वस्तू आत जाऊन मोडतोड झाली असती, तर दावा पॉलिसीत बसला असता. म्हणून सर्वेक्षकांना २४ जूनला पुन्हा पाठवले. तुकडा आत गेल्यावर एका जागी खोल ओरखडा, आट्याची उडालेली कड किंवा ठेच दिसते. इथे झीज सगळीकडून सारखी आहे. पुढची चेक रिंगही तुटलेली नाही, तिची बसण्याची बाजू गुळगुळीत झिजली आहे. दाण्याच्या हॉपरमधल्या चुंबकावर धातूचे कण मिळाले नाहीत. मोटर, गिअरबॉक्स किंवा हायड्रॉलिक पंपाला इजा झाली असती, तर त्या भागांचा वेगळा विचार केला असता, पण ते तिन्ही ठीक आहेत.

दोन्ही पाहणी अहवाल, मापांचा तक्ता आणि फोटो सोबत जोडले आहेत. आपल्या फिटरला किंवा मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला ते जरूर दाखवा. मापे चुकली आहेत असे त्यांना वाटले, किंवा तुकडा आल्याचा पुरावा मिळाला, तर ३० दिवसांत कळवा. आपल्या सोयीच्या दिवशी दुसऱ्या सर्वेक्षकाकडून तपासून घेऊ. त्याचे शुल्क कंपनी भरेल. तोपर्यंत जुना स्क्रू आणि बॅरल भंगारात देऊ नका. नवा संच बसवायला मात्र आमची हरकत नाही, काम थांबवून ठेवू नये.

या निर्णयाने पॉलिसी बंद होत नाही. ११ ऑगस्टपर्यंत ती चालू आहे आणि त्याआधी अचानक मोडतोड झाली, तर आधी फोन करा, मशीन उघडण्याची घाई करू नका.

निर्णय मान्य नसेल, तर आमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना लेखी कळवा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर पुणे येथील विमा लोकपालांकडे जाता येते. सूक्ष्म उद्योगांना ही सोय आहे. तिथे फी नाही आणि वकील लागत नाही. ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहेच.

मापांच्या तक्त्यातले काही समजले नाही, तर कार्यालयात या किंवा मला बोलवा, मी युनिटवर येऊन स्क्रूसमोर उभे राहून दाखवीन.

आपला,
दावा व्यवस्थापक
विभागीय कार्यालय, छत्रपती संभाजीनगर

सोबत: पाहणी अहवाल (२), मापांचा तक्ता, फोटो, पॉलिसीतील अपवादांचे पान