पाठ टाचण : पाणी जातं कुठं, येतं कुठून?

इयत्ता दुसरी, परिसर अभ्यास. तीन दिवस, रोज एक तासिका. वाई तालुका, ऑक्टोबरचा पहिला आठवडा. पाऊस ओसरलाय, ऊन कडक आहे.

साहित्य : दोन सारख्या स्टीलच्या ताटल्या, घमेलं, वाटी, पारदर्शक प्लास्टिक, सुतळी, खडा, हळद, तांब्या, बर्फ.

पहिला दिवस : निरीक्षण

दोन्ही ताटल्यांत एकेक कप पाणी. एक उन्हात, एक वर्गात. मातीवर पाणी ओतायचं नाही, कारण मग मुलं ‘जमिनीत जिरलं’ म्हणतील आणि ते खरंच असेल. उन्हातली ताटली आधी कोरडी होते. पाणी कुठं गेलं? प्रत्येकाचं उत्तर फळ्यावर लिहायचं, ‘सूर्यानं प्यायलं’ हेसुद्धा. बरोबर-चूक आज सांगायचं नाही. दुसरी ताटली तिसऱ्या दिवसापर्यंत बघत राहायची, म्हणजे पाणी उकळल्याशिवायही उडून जातं हे कळेल.

दुसरा दिवस : घमेल्यातला पाऊस

घमेल्यात हळदीचं पाणी, मधोमध रिकामी वाटी. वरून प्लास्टिक सुतळीनं घट्ट बांधायचं, वाटीच्या बरोबर वर खडा ठेवायचा. शाळा भरताच उन्हात. प्लास्टिकच्या आतून थेंब जमतात, उतारानं येऊन वाटीत पडतात. सुटण्याआधी उघडायचं. वाटीतलं पाणी पिवळं का नाही? इथं घाई करू नये, मुलांना भांडू द्यावं. पाणी वर गेलं, हळद खालीच राहिली, हे त्यांच्याच तोंडून यायला हवं.

मग बर्फाचं पाणी भरलेला तांब्या. बाहेरून थेंब येतात. ‘तांब्या गळतोय’ असं कुणी म्हणालंच, तर आतल्या पाण्यात हळद टाकून पुन्हा बघायचं. वाफ डोळ्यांना दिसत नाही, गार लागली की तिचे थेंब होतात. साऱ्या पाठात हेच सगळ्यांत अवघड आहे.

तिसरा दिवस : गाणं

मैदानात गोल करून, हातवाऱ्यांसह :

ऊन पडलं, पाणी तापलं,
ताटलीतलं पाणी कुठं लपलं?
वाफ झाली, वर गेली,
कुणालाच नाही दिसली!
वर वर गारवा फार,
थेंब झाले बारीक फार.
थेंबाला भेटला थेंब,
ढग झाला चिंब चिंब.
ढग झाला जड जड,
पाऊस आला तड तड!

‘दिसली’ला डोळे झाकायचे, ‘भेटला’ला शेजाऱ्याचा हात धरायचा.

गाण्यानंतर नदीची गोष्ट. पावसाळ्यात वारा अरबी समुद्रावरून वाफ घेऊन येतो, सह्याद्रीला अडून वर चढतो, गार होतो. म्हणून महाबळेश्वरला एवढा पाऊस. तिथं उगम पावलेली आपली कृष्णा मात्र पूर्वेला बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणून फळ्यावर बाणांचं नीटस वर्तुळ काढू नये. तेच पाणी त्याच वाटेनं परत येतं, असा समज त्यातून होतो.

बाष्पीभवन हा शब्द पुढच्या इयत्तांसाठी राहू द्यावा.

मूल्यमापन : ‘वाळत घातलेल्या शर्टातलं पाणी’ हे चित्र काढून त्याची वाट तोंडी सांगणे. लिहिता न येणाऱ्यांनाही पूर्ण गुण.

घरी : सकाळी गवतावर हात फिरवून बघणे. रात्री पाऊस नव्हता, मग ओलं कसं, हे आजीला विचारून येणे.