मधूकाका येतोय (काकाला दाखवू नका)

सगळ्यांना नमस्कार. आधी एक बघून घ्या, हा आपला नेहमीचा घरचा ग्रुप नाहीये, मी नवीन केलाय आणि ह्यात मधूकाका नाहीये. त्यामुळे जे काय बोलायचंय ते इथेच बोला. तिकडच्या ग्रुपवर चुकून एक अंगठासुद्धा टाकू नका प्लीज, काका रात्री ड्युटीवरून आला की सगळे मेसेज वरपासून वाचतो.

तर काकाचं तिकीट पक्कं झालं. शनिवारी 5 सप्टेंबरला संध्याकाळी मोपाला उतरतोय. आणि ह्यावेळी परतीचं तिकीट नाहीये!! 1999 ला कुवेतला गेला तो, म्हणजे सत्तावीस वर्षं, आणि शेवटचा आला होता 2018 च्या मे महिन्यात सचिनदादाच्या लग्नाला. आजी गेली तेव्हा 2020 चा मे होता, मार्चपासून विमानंच बंद होती, आपण सगळे तुळशीपाशी उभे आणि काका मोबाईलच्या स्क्रीनवर. बाबांनी फोन धरला होता आणि त्यांचा हात हलत होता म्हणून चित्रपण हलत होतं, ते मी कधी विसरणार नाही. नंतर दरवर्षी येतो येतो म्हणाला, कधी सुट्टी नाही, कधी अजून काही, पण मला मनापासून वाटतं की आजी नसलेल्या घरात पाऊल टाकायला त्याचं मन धजत नव्हतं. म्हणून हा सगळा खटाटोप.

कार्यक्रम रविवारी 6 तारखेला, सावईवेऱ्याच्या आपल्या घरी, सकाळी साडेदहापर्यंत सगळ्यांनी यायचं. शनिवारी गर्दी नको. मोपाला फक्त बाबा आणि सचिनदादा जातील. काका नेहमी दाबोळीलाच उतरलाय, मोपा 2023 ला सुरू झाला तो त्याने बघितलेलाच नाही, तेव्हा दादा तू बाहेरच्या दाराशी दिसेल असा उभा राहा. आणि येताना गाडी हळू चालव रे, पावसाचे दिवस, काळोख व्हायच्या आत जेवढं दिसेल तेवढं त्याला खिडकीतून बघू दे, सगळ्या बातम्या गाडीतच सांगून संपवू नका. घरी आला की आंघोळ, पेज, आंब्याचं लोणचं आणि झोप. बस. आजीच्या खोलीत त्याचं अंथरूण घालणार होतो पण आई म्हणाली विचारून घालूया, त्याला पडवीत झोपावंसं वाटलं तर पडवीत, आणि मला ते पटलं.

आता सरप्राईज. हे नीट वाचा.

काकाचं घुमट आठवतं का? चवथीला आरतीला तो बसला की आजूबाजूच्या चार घरांतली पोरं आमच्याकडे यायची, मला, सचिनदादाला, सुबोधला, सगळ्यांना त्यानेच हात धरून शिकवलंय, डावा तळवा मागच्या छोट्या तोंडावर कसा उघडझाप करायचा ते. तो गेल्यावर आजीने ते घुमट आपल्या जुन्या हिरव्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं होतं. एप्रिलमध्ये माळा साफ करताना मला मिळालं. चामडं पार फाटलेलं, दोऱ्या कुजलेल्या, पण मातीचं मडकं धड! एक टवकासुद्धा उडालेला नाही. आतल्या बाजूला बोट फिरवलं तर कुंभाराच्या बोटांच्या रेघा अजून लागतात हाताला.

ते मी डिचोलीला एकांकडे नेऊन परत मढवून घेतलंय. आधीचं घोरपडीचं होतं, 1972 च्या कायद्यात घोरपड मारायलाच बंदी आहे, त्यामुळे आता सगळे बकऱ्याचंच चामडं लावतात. आवाज थोडा वेगळा येतो, काकाला पहिल्या थापेलाच कळेल, तेव्हा आधीच कोणी समजावत बसू नका, त्याचं त्याला ओळखू दे. मढवणाऱ्या काकांनी सांगितलंय की पावसात चामडं सैल पडतं, म्हणून रविवारी सकाळी चुलीच्या उबेला थोडा वेळ ठेवायचं, फार जवळ नाही. हे काम सुबोधचं. शनिवारी रात्री घुमट शेजारच्या अण्णांकडे असेल, रविवारी काका देवळात अनंताच्या दर्शनाला जाईल तेव्हा आणायचं.

मग करायचं असं की काका देवळातून येईपर्यंत पोरांनी देवघरासमोर बसायचं, दोन घुमटं, शामेळ, कासाळं. चवथ 14 ला आहे त्यामुळे आरतीची प्रॅक्टिस चाललीये असंच वाटेल, खोटं काही बोलावं लागणार नाही. मधली एक जागा रिकामी आणि तिथे आजीच्या त्याच लुगड्यात गुंडाळलेलं काकाचं घुमट. कोणी "सरप्राईज!" म्हणून ओरडू नका, टाळ्या नको, फुगे नको, बॅनर तर नकोच (रोहन, तू छापायला टाकला असशील तर कॅन्सल कर बाबा). पोरांनी आपलं वाजवत राहायचं. त्याला बसावंसं वाटलं तर बसेल. नुसतं लुगडं हातात घेऊन बसला तरी चालेल आणि त्याला रडू आलं तर येऊ दे, लगेच पाणी घेऊन धावू नका. व्हिडिओ फक्त रेश्मा काढेल, खांबाच्या आडून, बाकीच्यांनी मोबाईल खिशात.

जेवण शाकाहारी, श्रावण आहे, नुस्त्याची हौस चवथ झाल्यावर भागवूया. खतखतं आई करतेय, तेफळं तिने वाळवून ठेवलीयेत. शीलाआत्या मुगागाठी, मावशी आळसांद्याचं तोंडाक आणि नीरफणसाच्या कापा, सोलकढी माझ्याकडे. मणगणं काकाला फार आवडतं ते बेबीआत्याशिवाय कोणाला जमत नाही तेव्हा आत्या, प्लीज तूच कर. पातोळ्या सगळ्या बायकांनी आणि ज्या पुरुषांना हात लावायचाय त्यांनी सकाळी मिळून करायच्या.

अजून एक, जरा हक्काने सांगते. त्या दिवशी त्याला किती साठवलेस, आता इथे काय करणार, लग्न का नाही केलंस हे कोणी विचारू नका. बारीक झालास, केस गेले, हेही नको. त्याला विचारायचंच असेल तर कुवेतला तो आणि त्याचे रूमवाले चवथ कशी करायचे ते विचारा, फोनवर सांगताना तो एकदम खुलायचा. आणि आजीची आठवण निघाली तर विषय बदलू नका, इतकी वर्षं त्याने एकट्यानेच काढलीयेत ती, आता आपल्यासोबत काढू दे.

फोंड्याहून बसने येणाऱ्यांनी मला आदल्या दिवशी सांगा, दादा देवळाकडून गाडीने आणेल. आमच्या वाटेवर चिखल आहे, म्हाताऱ्या माणसांना सांभाळून आणा, छत्र्या विसरू नका.

कोणाकडून किती जण येणार ते बुधवारपर्यंत इथे लिहा. परसातल्या हळदीची पानं मोजूनच काढावी लागतील, चवथीलाही लागणार आहेत.

नीता