बाहेर बर्फ, आत तिळगूळ!

सप्रेम नमस्कार.
मंडळाचं वार्षिक स्नेहसंमेलन शनिवार, 24 जानेवारी 2026 रोजी दुपारी 3 ते रात्री 8, मिसिसागातल्या आपल्या नेहमीच्या शाळेच्या हॉलमध्ये आहे. सहकुटुंब या!

3:30ला हळदीकुंकू, लगेच बोरन्हाण. पिल्लांसाठी चुरमुरे, मऊ बिस्किटं आणा. काटेरी हलवा आणि शेंगदाणे नकोत, घशात अडकतात. 5ला नाट्यप्रवेश, गाणी. 6:30ला पंगत: मुगाची खिचडी, कढी, माणशी दोन गुळपोळ्या आणि वर तूप (आग्रह होणारच!). पोळीत तीळ-दाणे आहेत, ॲलर्जी असल्यास आधी कळवा.

पोळ्या आदल्या दिवशी लाटायच्या आहेत, म्हणून नावं 17 तारखेपर्यंत द्या. बर्फाच्या बुटांनी फरशी निसरडी होते; आत घालायला चपला वेगळ्या आणा.

आपलं,
कार्यकारी मंडळ