विषय: डाव्या कुशीतलं दुखणं – सीटी आणि मॅग-३ स्कॅनचे रिपोर्ट, सेकंड ओपिनियनसाठी

नमस्कार डॉक्टर,

माझ्या मामेबहिणीचं मुतखड्याचं ऑपरेशन तुम्ही केलं होतंत. तिच्याकडूनच तुमचा ईमेल मिळाला. मी ४१ वर्षांची, मूळची साताऱ्याची. नऊ वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टला असते.

गेल्या ऑक्टोबरपासून डावी कूस दुखते. शेवटच्या बरगडीखाली, मागच्या बाजूला, तळहाताखाली झाकली जाईल एवढीच जागा. जोराची कळ नाही, पण ठसठस दिवसभर पाठ सोडत नाही. आठवड्यातून एक-दोनदा मात्र वाढते, तेव्हा मळमळतं. ताप कधीच आला नाही, लघवीतून रक्त नाही. इथल्या फॅमिली डॉक्टरांनी स्नायूचं दुखणं म्हणून फिजिओथेरपी दिली. सहा सेशन झाली, फरक शून्य. आईला मुतखड्याचा त्रास होता, म्हणून घरचे म्हणाले पाणी भरपूर पी. मी पीत राहिले आणि दुखणं वाढत राहिलं! लिटरभर पाणी पोटात गेलं की अर्ध्या-पाऊण तासात सुरू होतं, हे लक्षात यायलाच फेब्रुवारी उजाडला.

११ मार्चला कॉन्ट्रास्ट सीटी झाला. डाव्या किडनीचं पेल्विस १९ मिमी फुगलेलं, कॅलिसेस किंचित रुंद, खाली मूत्रनलिका नॉर्मल. खालच्या भागात ३ मिमीचा खडा, अडथळा न करणारा. शिवाय खालच्या टोकाकडे जाणारी एक जादा रक्तवाहिनी पीयूजेच्या समोरून जाते, असं लिहिलंय. उजवी किडनी ठीक.

६ मेला मॅग-३ स्कॅन: डावी ४६ टक्के, उजवी ५४. फ्युरोसेमाइडनंतर डाव्या बाजूचा टी-हाफ १४ मिनिटं, म्हणून निष्कर्ष 'अनिर्णित'. क्रिएटिनिन ०.८, लघवीत इन्फेक्शन नाही. इथले युरोलॉजिस्ट म्हणतात, सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू, तोवर थांबा.

मला खटकतं ते वेगळंच. इंजेक्शन दिल्यावर दहाएक मिनिटांत, तिथे टेबलावरच, नेमकं तेच दुखणं सुरू झालं. टेक्निशियनला सांगितलं, तर ती म्हणाली, "हलू नका." रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेखच नाही. पुढच्या भेटीत मी युरोलॉजिस्टना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढचं पान उलटलं.

तेव्हा विचारायचं ते हे: त्या वेळी दुखलं याला, आकडा मधला असला तरी, काही अर्थ आहे का? त्या रक्तवाहिनीमुळे पीयूजेला अधूनमधून अडथळा येत असेल का? की दोष खड्याचाच? आणि सहा महिने थांबल्याने डाव्या किडनीचं काम कमी होण्याचा धोका किती? पायलोप्लास्टीची वेळ आलीच, तर ती पुण्यात करून घ्यायची माझी तयारी आहे. १८ जुलैपासून तीन आठवडे मी तिथेच आहे.

थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी रोज घेते. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे. दोन्ही रिपोर्ट जर्मनमध्ये आहेत, सोबत माझं मराठी भाषांतर जोडलंय. शब्द चुकला असेल तर मूळ बघावं. सीटीच्या इमेजेस मोठ्या असल्याने त्यांची लिंक वेगळ्या मेलने पाठवते.

व्हिडिओवर बोलायचं असेल, तर तुमची फी आणि वेळ कळवा. आम्ही सध्या तुमच्यापेक्षा साडेतीन तास मागे आहोत. तुमच्या संध्याकाळी सहानंतर कधीही चालेल.

आपली,
मेधा