सार्वजनिक धोरण पदव्युत्तर पदवी : प्रवेशअर्जासोबतचे निवेदन

माननीय प्रवेश समितीस,

२०१५ साली मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत लिपिक म्हणून रुजू झाले आणि गेली सहा वर्षे यवतमाळ जिल्ह्यातील ग्रामीण शाखेत कृषिकर्जाचे काम पाहत आहे. पीककर्ज, नूतनीकरण, पीकविम्याचा हप्ता आणि थकबाकीची वसुली यांतच माझा दिवस जातो. हे काम मला आवडते. तरीही ते सोडून पुन्हा विद्यार्थिनी होण्याचा निर्णय का घेतला, ते एका खात्यावरून सांगते.

महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत ३० सप्टेंबर २०१९ रोजी मुद्दल आणि व्याज मिळून दोन लाखांपर्यंत थकीत असलेली खाती पात्र होती. आमच्याकडील एका कापूस उत्पादकाचे मुद्दल एक लाख ऐंशी हजार होते, पण व्याज धरून आकडा दोन लाख तीन हजारांवर गेला आणि त्यांचे खाते यादीत आलेच नाही. पासबुक काउंटरवर उघडून ठेवत ते म्हणाले, "मॅडम, वरचे तीन हजार आत्ताच भरतो, मग तर बसेल ना?" ती तारीख केव्हाच उलटून गेली होती. शेजारच्या शेतकऱ्याचे एक लाख नव्वद हजार पूर्ण माफ झाले; यांना एक रुपयाही मिळाला नाही. नियमाप्रमाणे मी बरोबर उत्तर दिले, पण ते देताना मला त्यांच्याकडे पाहवले नाही.

त्याआधीच्या, २०१७ च्या योजनेत मर्यादा दीड लाखांची होती, परंतु त्यावरील थकबाकीदारांसाठी वरची रक्कम भरून लाभ घेण्याची एकरकमी परतफेडीची सोय होती. म्हणजे याच राज्यात, अवघ्या अडीच वर्षांपूर्वी, असा कडेलोट टाळणारी तरतूद अस्तित्वात होती. मग ती मूळ रचनेतून का गळली, मर्यादा ठरवताना कोणती आकडेवारी समोर होती, आणि पुढच्या हंगामात नियमित फेड करणाऱ्यांच्या वागण्यावर तिचा काय परिणाम झाला, हे प्रश्न शाखेत बसून सुटणारे नाहीत. शाखेपर्यंत फक्त परिपत्रक येते.

वाणिज्य शाखेच्या पदवीमुळे ताळेबंद वाचता येतो, पण धोरणाचे मूल्यमापन करण्यासाठी लागणारी संख्याशास्त्राची आणि सार्वजनिक अर्थशास्त्राची बैठक माझ्याकडे नाही, ही उणीव मी स्पष्टपणे मान्य करते. त्यासाठीच हा अभ्यासक्रम मला हवा आहे. प्रबंधासाठी कर्जमाफीतील पात्रतेच्या मर्यादा हाच विषय घेण्याचा माझा मानस आहे. सातबाऱ्यावरील बोजा, आधारवरील नावातील फरक, कापूस वेचून झिजलेल्या बोटांचे यंत्रावर न उमटणारे ठसे, या गोष्टी मी रोज हाताळल्या आहेत, आणि वर्गातील चर्चेत त्यांचा उपयोग होईल असे मला वाटते.

पदवीनंतर राज्याच्या कृषिपतधोरणाची आखणी जिथे होते तिथे, शासनाच्या नियोजन यंत्रणेत किंवा मूल्यमापन करणाऱ्या संस्थेत, काम करण्याची माझी इच्छा आहे. प्रवेश मिळाल्यास बँकेचा राजीनामा देण्याची माझी तयारी आहे आणि घरच्यांची त्याला संमती आहे.

आपली नम्र,
अर्जदार