अठ्ठ्याण्णव किलो

मुलाखतीतला पहिला प्रश्न वैशालीनं स्वतः काढला होता. "14 टक्के ओलाव्याचं 1 क्विंटल सोयाबीन वाळवून 12 टक्क्यांवर आणलं, तर वजन किती राहील?" कोरा कागद आणि पेन्सिल समोर ठेवलेली असायची, पण उत्तर पटकन यावं अशी तिची अपेक्षा होती. लातूरजवळच्या त्या शेतकरी उत्पादक कंपनीत माल तपासायला एक माणूस हवा होता. हंगाम सुरू झाला की दारात ट्रॅक्टरांची रांग लागते, प्रत्येकाला घरी जायची घाई असते. तिथं हिशोबात अडकून बसणारा माणूस काय कामाचा, असं तिचं मत होतं आणि त्यात काही चूक नव्हती.

नऊ जण आले होते. उदगीरच्या ऋषिकेशनं प्रश्न संपायच्या आत "98 किलो, मॅडम" असं सांगून टाकलं. त्याच्या चुलत्याची आडत होती, शाळेच्या सुट्ट्या त्यानं पोत्यांवर बसूनच काढल्या होत्या. आणखी दोघांनीही 98च सांगितलं. दोन मुली नुसत्याच बघत राहिल्या. मग धारूर तालुक्यातली अर्चना आली. अंबाजोगाईत बी.एस्सी. केलेली, पहाटेच्या एस.टी.नं आलेली. तिनं कागद पुढं ओढला आणि खाली मान घालून लिहीत बसली.

"एवढा वेळ लागतो का याला?" वैशाली म्हणाली.

"97 किलो 730 ग्रॅमच्या आसपास, मॅडम."

"बाजारात ग्रॅममध्ये कोण मोजतंय बाई?"

शेजारी बसलेले दोन संचालक हसले. अर्चनानं कागदाची घडी घालून टेबलावर ठेवली. त्यानंतरच्या प्रश्नांना तिनं एकेका वाक्यात उत्तरं दिली. वैशालीनं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: "पुस्तकी. व्यवहार कळत नाही."

संध्याकाळी निवड पक्की झाली. ऋषिकेश 71, अर्चना 64. त्याला फोनही गेला. संचालक निघून गेले, शिपायानं चहाचे कप गोळा केले आणि वैशाली कच्चे कागद फाइलला लावायला बसली. नियमाप्रमाणं तेही जपून ठेवावे लागत. अर्चनाच्या कागदाची घडी उघडली तेव्हा तिला वाटलं होतं, आत काहीतरी गोंधळ असेल.

आत चार ओळी होत्या. 100 किलोत पाणी 14, कोरडा दाणा 86. वाळवल्यावर दाणा तेवढाच राहतो, पाणी कमी होतं. 12 टक्के पाणी म्हणजे दाणा 88 टक्के. म्हणून 86 भागिले 0.88. खाली उत्तर: 97.727.

वैशालीनं तिथंच पेन्सिल उचलली. आपलं 98 घेतलं. 98 मधून 86 गेले, पाणी उरलं 12 किलो. 12 भागिले 98. उत्तर आलं 12.24 टक्के. म्हणजे 98 किलोवर थांबलेला माल अजून 12 टक्क्यांवर आलेलाच नव्हता. तिनं पुन्हा एकदा भागाकार केला. तोच आकडा.

मग हे 98 आपल्याकडं आलं कुठून? कुठल्याच पुस्तकातून नाही. नोकरीच्या पहिल्या हंगामात लातूरच्या बाजार समितीत ती उभी होती तेव्हा एका मुनिमानं तिला सांगितलं होतं, "ताई, 12च्या वर जेवढे टक्के, क्विंटलमागं तेवढे किलो कापायचे. विषय संपला." तिथं ते चालतं. शेतकऱ्याला, हमालाला, व्यापाऱ्याला, सगळ्यांना तोंडी करता येतं. ती एक ठरलेली रीत आहे आणि ती वाईट नाही. पण प्रश्नात वैशालीनं बाजार कापतो किती, असं विचारलंच नव्हतं. वजन किती राहील, असं विचारलं होतं. ज्याच्या घरी आडत आहे त्याला न सांगताही कळलं की मॅडमना काय ऐकायचंय. जिचे आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्याकडं जातात, तिला ते कळायचं कारण नव्हतं. तिनं जे विचारलं त्याचंच उत्तर दिलं, आणि बरोबर दिलं. कोण कुणाच्या घरात वाढलंय एवढंच त्या प्रश्नानं मोजलं होतं.

वाट सोपी होती. रबर घ्यायचा, अर्चनाच्या पुढं त्या प्रश्नाचे 10 गुण मांडायचे, 74 करायचे. नाहीतर तो प्रश्नच सगळ्यांचा काढून टाकायचा. मग ऋषिकेशचे 61 होतात, अर्चनाचे 64 राहतात. कशीही बेरीज केली तरी तीच वर येत होती. वैशालीनं तसा कागद करून पाहिलासुद्धा.

पण त्या दोन मुलींचं काय? लोहाऱ्याहून आलेली आणि दुसरी औराद शहाजानीची. पहिल्याच प्रश्नाला त्या गप्प झाल्या आणि पुढं पार ढेपाळल्या. वैशालीला त्यांचे चेहरे आठवत होते, उत्तरं आठवत नव्हती, कारण उत्तरं आलीच नव्हती. पहिल्या प्रश्नानं ज्याचा धीर सुटला त्याचे बाकीचे गुण तरी खरे कसे धरायचे? आणि अर्चनाचे 64 तरी तिचे होते का? शेरा मारल्यानंतर आपण तिच्याकडं नीट बघितलं होतं का, हा प्रश्न वैशालीला सोडवता आला नाही. तिनं तो कागद फाडला.

दुसऱ्या दिवशी ती अध्यक्षांच्या शेतावर गेली. अण्णा बांधावर उभे राहून सोयाबीनच्या शेंगा दाबून बघत होते.

"अण्णा, कालची निवड थांबवावी लागंल. पहिला प्रश्न माझा होता आणि तो अन्यायाचा होता. सगळ्यांना परत बोलवू."

"आता? त्या पोराला फोन गेलाय की! त्यानं घरी पेढे वाटले असतील. लोक काय म्हणतील, कंपनीचा काही ताळमेळ हाय का नाही?"

"फोन मी करते. पत्रावर सही माझी राहील. कंपनीनं काही केलेलं नाही, मी केलंय."

"गाडीभाडं?"

"द्यावं लागंल. त्यांनी एकदा खर्च केलाय."

अण्णा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "काय होता तो प्रश्न, सांगा मला." तिनं सांगितला. त्यांनीही लगेच 98च म्हटलं. वैशालीनं त्यांना अर्चनाच्या चार ओळी दाखवल्या. अण्णांनी चष्मा पुसला, ओळींवरून बोट फिरवत वाचलं आणि मधेच थांबले.

"म्हंजे 14चा माल आपण 98 लिहून गोदामात टाकतो, अन् पुरा वाळल्यावर तो 97 किलो 730 ग्रॅमच भरतो?"

"हो. क्विंटलमागं पावणेतीनशे ग्रॅम. 1000 क्विंटल असा माल आला तर पावणेतीन क्विंटल."

"अन् ती तूट आपण माणिकच्या नावावर टाकतो."

वैशालीनं हा विचार केलाच नव्हता. गोदाम सांभाळणाऱ्या माणिकमामांना दर हंगामाच्या शेवटी संचालकांपुढं उभं राहावं लागे. पोती फाटतात, उंदीर खातात, मजूर मूठभर नेतात, असं काहीबाही ते सांगत. तूट सगळीच यातली नसणार, पण थोडी तरी यातलीच होती, आणि ती कुणी नेलेली नव्हती. ते नुसतं पाणी होतं, उडून गेलेलं.

अण्णांनी हातातली शेंग फोडली, दाणे तळहातावर घेतले. "बोलवा सगळ्यांना. भाडं कंपनी देईल. माणिकचं मी बघतो, बैठकीत माझ्या तोंडानं सांगतो."

सगळ्यात अवघड फोन ऋषिकेशचा होता. तो आधी काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मॅडम, मी काय चूक केली?"

"काही नाही. तुम्ही बाजारात जे चालतं ते सांगितलं. मी प्रश्न असा विचारला होता की ते तुम्हालाच जमावं. यादी लावायच्या आधी मला हे कळायला हवं होतं."

"घरी सांगितलंय मी."

"मला माहीत आहे. वडिलांना फोन द्या, मी बोलते त्यांच्याशी."

ती बोलली. त्यांनी तिला बरंच सुनावलं. तिनं ऐकून घेतलं. त्यांच्या जागी तीही असंच बोलली असती. शेवटी ऋषिकेशनं फोन परत घेतला आणि वार विचारला.

अर्चनाला फोन लागायला संध्याकाळ झाली. मागं शेळ्यांचा आवाज येत होता.

"मॅडम, माझं उत्तर चुकलं होतं का?"

"नाही. बरोबर होतं. चूक माझी झाली, आणि मी तुम्हाला हसण्यावारी नेलं, तीही माझीच."

"मग मी परत कामून यायचं? उत्तर बरोबर होतं, तर गुण द्या की."

प्रश्न सरळ होता आणि वैशालीनं त्याला वळसा घातला नाही. "ते 10 गुण तुम्हाला दिले तर तुमच्यापुरता न्याय होतो. दोन मुली माझ्या त्याच प्रश्नाला गप्प झाल्या, त्यांचं काय करू? म्हणून सगळ्यांना परत विचारणार. तुम्हाला पुन्हा त्रास होतोय हे खरंय. मागच्या वेळचं आणि या वेळचं, दोन्ही भाडं मिळंल."

बराच वेळ नुसत्या शेळ्याच ऐकू आल्या.

"रविवारी ठेवाल का? बाकीच्या दिवशी मी खुरपायला जाते, रोज बुडतो."

"रविवारीच ठेवू."

"अन् मॅडम, बाजारातलं धरायचं का खरं, ते आधी सांगा या वेळी."

"लेखी देते."

शुक्रवारी वैशालीनं नवा प्रश्न लिहिला. बाजाराची रीत वर दोन ओळींत सांगितली, खाली हिशोबासाठी लागेल तेवढी सगळी माहिती दिली, आणि त्या रीतीनं किती वजन धरलं जाईल आणि खरं किती भरेल, दोन्ही विचारलं. वेळ दहा मिनिटं. मग ओलावा मापायचं यंत्र आणि सोयाबीनच्या तीन वाट्या: यंत्र कसं चालतं ते आधी सगळ्यांना एकत्र दाखवायचं, त्यानंतर प्रत्येकानं मापून बघायचं.

कागद घेऊन ती गोदामात गेली. "मामा, हे वाचा. आडतीचं तोंड न बघितलेल्या पोरीला हे सोडवता येईल का?"

माणिकमामा पोत्यावर बसले, ओठ हलवत वाचत राहिले. पान उलटलं, पुन्हा मागं आले.

"इथं लिवलंय, नमुना नेहमीप्रमाणे काढून घ्या. नेहमीप्रमाणे म्हंजे कसं? आपल्याला ठावं हाय. तिला कुणी सांगितलं?"

वैशालीनं ती ओळ खोडली. त्यांच्याच शेजारी पोत्यावर बसून तिनं नव्यानं लिहायला घेतलं: पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून, तिन्ही ठिकाणचा एकेक मूठ दाणा घ्यावा, एकत्र करावा, मग मापावा.

"आता?" तिनं विचारलं.

"द्या इकडं, परत पहिल्यापासून वाचतो," मामा म्हणाले.