विषय: 31 डिसेंबरपूर्वी जुने प्रोजेक्ट फोल्डर आवरून आर्काइव्हमध्ये हलवण्याबाबत

प्रति: डिझाइन विभागातील सर्व सहकारी
प्रत: हिशेब विभाग, मच्छे युनिट
दिनांक: 8 डिसेंबर 2025

सप्रेम नमस्कार,

आपल्या सर्व्हरवरील P: ड्राइव्हमध्ये आज सकाळी जेमतेम 140 जीबी जागा शिल्लक होती. केवळ जागेचाच प्रश्न असता तर नवी डिस्क मागवून काम भागले असते. परंतु ऑक्टोबरात व्हॉल्व्ह बॉडीच्या फिक्स्चरची फेरऑर्डर आली, तेव्हा जे घडले ते आपणा सर्वांच्या लक्षात असेलच. J-2217 च्या फोल्डरमध्ये `Fixture_Final.dwg`, `Fixture_Final_2.dwg` आणि `Fixture_FINAL_new_SP.dwg` अशी तीन 'अंतिम' ड्रॉइंग होती. त्यांपैकी मधल्या ड्रॉइंगवर बोअर 42.00 होता, तर ग्राहकाने शेवटी मंजूर केलेला बोअर 42.50 होता आणि तो बदल नोंदवणारी मंजुरी कोणा एकाच्या मेलमध्येच पडून होती. शॉप फ्लोअरवर मधले ड्रॉइंग गेले आणि लोकेटर पुन्हा करावे लागले. यात मशीनवरच्या माणसाची काडीचीही चूक नव्हती. ड्रॉइंग तपासून सोडण्याची जबाबदारी माझी असल्यामुळे चूक प्रथम माझी आहे, हे मी इथे स्पष्टपणे नोंदवतो.

म्हणून यंदा मार्चची वाट न पाहता डिसेंबरअखेरच हे काम पूर्ण करायचे आहे. मार्चमध्ये हिशेब विभाग आणि आपण दोघेही एकाच वेळी सर्व्हरवर तुटून पडतो आणि मग कोणाचेच काम धड होत नाही, हा दरवर्षीचा अनुभव आहे.

ज्या कामाचा माल रवाना झाला आहे, शेवटचे बिल वसूल झाले आहे आणि ज्यात जून 2024 नंतर एकही बदल झालेला नाही, ते काम बंद समजावे. यांपैकी एकाही बाबतीत शंका असेल तर तो फोल्डर आहे तिथेच राहू द्यावा आणि मला विचारावे. 2019 ते 2021 ची कामे प्रकाश यांनी, 2022 ची सुजाताताईंनी आणि 2023 ते जून 2024 पर्यंतची कामे इरफान व महेश यांनी मिळून पाहावीत. नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्यांच्या नावाचे जे फोल्डर आहेत, ते मी स्वतः पाहणार आहे.

प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये मंजूर झालेल्या शेवटच्या रिव्हिजनचा एकच संच वर दिसला पाहिजे. त्याचे नाव `J-2217_FX-03_RevC.dwg` या धर्तीचे असावे आणि सोबत सही झालेल्या प्रतीची पीडीएफ असावी. आधीच्या रिव्हिजन पुसू नयेत, `Old_Rev` या उपफोल्डरमध्ये ठेवाव्यात, कारण ग्राहक कधीकधी जुन्याच रिव्हिजनचे सुटे भाग मागतो. `.bak`, `.sv$` आणि `.dwl` या फाइली मात्र ड्रॉइंग व्यवस्थित उघडते याची खात्री झाल्यावर खुशाल काढून टाकाव्यात. 'final' हा शब्द यापुढे कोणत्याही फाइलच्या नावात नको, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

ज्या असेंब्लीत एक्सरेफ जोडलेले आहेत, तिथे विशेष काळजी घ्यावी. फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवला की पूर्ण पत्त्याने जोडलेले एक्सरेफ सापडेनासे होतात आणि अर्धी असेंब्ली कोरी दिसते. त्यामुळे अशा ड्रॉइंगवर आधी `ETRANSMIT` चालवून सर्व जोडफाइलींसह संच तयार करावा आणि तोच आर्काइव्हमध्ये ठेवावा.

फाइली माऊसने ओढून हलवू नयेत. मध्येच वीज गेली तर काय पोहोचले आणि काय राहिले, याचा पत्ता लागत नाही. पुढील आदेशात फक्त कामाचा क्रमांक आणि वर्ष बदलून घ्यावे:

```
robocopy "P:\2022\J-2217" "R:\2022\J-2217" /E /COPY:DAT /DCOPY:T /Z /R:2 /W:5 /UNILOG:"R:\Logs\J-2217.txt"
```

यात `/MIR` घालू नये. मूळ जागी नसलेल्या फाइली तो आर्काइव्हमधूनही पुसतो. लॉगच्या शेवटी FAILED या रकान्यात शून्य आहे ना, हे पाहावे आणि दोन-तीन ड्रॉइंग आर्काइव्हमधून उघडून पाहावीत. P: वरील मूळ फोल्डर तुम्ही पुसायचा नाही. सर्व लॉग तपासून आणि दुसरी प्रत मच्छे युनिटमधील डिस्कवर पोहोचल्यानंतर तो मी काढीन.

बिले, खरेदीचे आदेश व चलने यांना कोणीही हात लावू नये. जीएसटीची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने आणि कंपनीची हिशेबपुस्तके आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात. प्रोजेक्टच्या फोल्डरात अशी कागदपत्रे सापडल्यास त्यांची यादी करून हिशेब विभागाच्या मंगलताईंकडे द्यावी.

आपल्या भागाची म्हणून एक वेगळी अडचण आहे. सरकारी कार्यालयांशी झालेला जुना कन्नड पत्रव्यवहार नुडीत आणि पुरवठादारांना लिहिलेली मराठी पत्रे श्रीलिपीत टाइप केलेली आहेत. ते फॉन्ट नसलेल्या संगणकावर ही पत्रे उघडली की निरर्थक अक्षरांची रांग दिसते. दोन्ही फॉन्ट असलेला जुना संगणक अजून स्टोअरच्या कोपऱ्यात चालू आहे. तो बंद पडण्याआधी ही पत्रे त्यावर उघडून त्यांच्या पीडीएफ करून घ्याव्यात आणि मूळ फाइलीही ठेवाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, याची मला कल्पना आहे.

साइटवर काढलेले फोटो अनेकांच्या मोबाइलमध्येच आहेत. `IMG-20220714-WA0012.jpg` या नावावरून तो कोणत्या कास्टिंगचा फोटो आहे हे कोणालाही कळणार नाही, तेव्हा कामाचा क्रमांक घालून ते संबंधित फोल्डरमध्ये आणावेत. शक्य असल्यास व्हॉट्सअॅपवर आलेली प्रत न घेता ज्याने फोटो काढला त्याच्याकडूनच मूळ फोटो घ्यावा, म्हणजे कास्टिंगवरचे बारीक चिरे स्पष्ट दिसतील. याउलट, 2022 च्या फोल्डरमध्ये राजहंसगडाच्या सहलीचे 11 जीबी व्हिडिओ आहेत. ते ज्यांचे असतील त्यांनी शुक्रवारपर्यंत घरी न्यावेत. कोणाच्या आधार कार्डाची किंवा पगारपत्रकाची प्रत आढळली तर ती आर्काइव्हमध्ये न टाकता थेट मला कळवावी.

शेवटी प्रत्येक फोल्डरमध्ये `00_mahiti.txt` या नावाची पाच-सहा ओळींची टीप ठेवावी. ग्राहक कोण, शेवटची रिव्हिजन कोणती, ती कोणी व कधी मंजूर केली, पॅटर्न कोणत्या माळ्यावर आहे आणि त्या कामात काय त्रास झाला, एवढे पुरे. वेळ अपुरा पडला तर बाकी काही राहिले तरी चालेल, पण ही टीप राहू नये. जॉब घेऊन आलेल्या ग्राहकासमोर उभे असताना हीच टीप उपयोगी पडते.

अधिवेशनाच्या दिवसांत महामार्गाकडून येणाऱ्यांना उशीर होतो, हे गृहीत धरून मी रोज दुपारी 3 ते 4 हा वेळ या कामासाठी राखून ठेवला आहे. त्या तासात नवे ड्रॉइंग कोणी मागणार नाही, असे शॉप फ्लोअरला कळवले आहे. आपापल्या कामांची यादी शुक्रवार, 12 डिसेंबरपर्यंत माझ्याकडे द्यावी आणि प्रती करण्याचे काम 24 डिसेंबरपर्यंत संपवावे. त्यानंतरचे दिवस लॉग तपासण्यासाठी लागतील. 31 डिसेंबरला सायंकाळी 5 वाजल्यापासून R: ड्राइव्ह केवळ वाचनासाठी खुला राहील.

आपला,
सतीश
प्रमुख, डिझाइन विभाग
उद्यमबाग, बेळगाव